करबचतीच्या पुराव्यांचा तक्ता: मर्यादा गटाची असते, ओळीची नव्हे

नोकरदाराच्या पगारातून दरमहा कापला जाणारा प्राप्तिकर हा वर्षाच्या सुरुवातीला त्याने स्वतः जाहीर केलेल्या अंदाजी गुंतवणुकीवर ठरलेला असतो. डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास लेखा विभाग त्या अंदाजाचे पुरावे मागतो आणि जेवढ्याचा पुरावा मिळत नाही, तेवढ्यावरचा कर उरलेल्या दोन-तीन पगारांतून एकदम वसूल करतो. या वेळी बहुतेक नवे नोकरदार घाईघाईने एक यादी करतात, तिच्यात प्रत्येक गुंतवणुकीसमोर कायद्यातील मर्यादा लिहितात, भरलेली रक्कम वजा करतात आणि जी शिल्लक दिसेल तेवढे पैसे कुठेतरी गुंतवून मोकळे होतात. चूक नेमकी इथेच होते, कारण कायद्यातील मर्यादा एकेका गुंतवणुकीला नसून कलमांच्या गटाला असते, आणि ‘शिल्लक जागा’ हा रकाना गटाच्या तळाशी एकदाच मांडायचा असतो. तो तक्ता कसा बांधावा, हे आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळाच्या नियमांनुसार आणि एका संपूर्ण उदाहरणाच्या आधारे पुढे मांडले आहे. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू होत असल्याने त्यानंतरच्या उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक वेगळे असतील. या वर्षाच्या उत्पन्नाला मात्र १९६१ च्या कायद्यातीलच कलमे लागू आहेत.

तक्त्याआधी करव्यवस्था तपासा

येथे ज्या वजावटींचा विचार केला आहे, त्या केवळ जुन्या करव्यवस्थेत मिळतात. नवी व्यवस्था आता आपोआप लागू होते. तिच्यात गुंतवणुकीसाठीचे कलम ८०सी, आरोग्य विम्यासाठीचे ८०डी, घरभाडे भत्त्याची सूट किंवा स्वतःच्या वापरातील घराच्या कर्जाचे व्याज यांपैकी काहीही मिळत नाही, मात्र प्रमाणित वजावट ७५,००० रुपयांची आहे आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. याचा अर्थ ज्याचा वार्षिक पगार १२,७५,००० रुपयांच्या आत आहे आणि ज्याला अन्य उत्पन्न नाही, त्याने करासाठी म्हणून हा तक्ता करण्याचे कारण नाही. त्याहून अधिक पगार असणाऱ्यांनाही केवळ ८०सी आणि ८०डी यांच्या बळावर जुनी व्यवस्था सहसा परवडत नाही. घरभाडे भत्ता आणि गृहकर्जाचे व्याज अशी एखादी मोठी रक्कम सोबत असावी लागते. म्हणून तक्त्याचा पहिला उपयोग गुंतवणूक ठरवण्याचा नसून, जुनी व्यवस्था घ्यावी की नाही हे ठरवण्याचा आहे. हा हिशेब शेवटी पुन्हा येईल.

उदाहरणासाठी पुण्यात भाड्याने राहणारी एक नोकरदार स्त्री घेऊ. तिचा वार्षिक ढोबळ पगार १६,००,००० रुपये आहे, त्यात मूळ वेतन दरमहा ६०,००० आणि घरभाडे भत्ता दरमहा २४,००० रुपये. महागाई भत्ता नाही. गावी तिच्या एकटीच्या नावावर घर आहे, त्याचा ताबा मिळालेला आहे, ते भाड्याने दिलेले नाही आणि त्याचे कर्ज चालू आहे. एक मूल शाळेत आहे. आई-वडील दोघेही साठीच्या पुढचे आहेत. जानेवारीत तिने केलेल्या पहिल्या यादीत भविष्य निर्वाह निधीची ८६,४०० रुपयांची एकच ओळ ८०सी खाली होती, म्हणून तिला ६३,६०० रुपये जागा शिल्लक दिसली आणि ५०,००० रुपयांची पाच वर्षांची करबचत मुदत ठेव करण्याचे तिने ठरवले. ही ठेव करावी की करू नये, याचे उत्तर तक्ता पूर्ण भरल्यावर मिळेल.

रकाने आणि त्यांचा क्रम

एक्सेल किंवा गूगल शीट यांपैकी कशातही पाच रकाने पुरतात: गट, बाब, ३१ मार्चपर्यंत भरलेली किंवा निश्चितपणे भरली जाणारी रक्कम, तिच्यातील पात्र रक्कम, आणि पुराव्याचा तपशील. भरलेली रक्कम आणि पात्र रक्कम हे दोन रकाने वेगळे ठेवण्याचा आग्रह धरावा, कारण आपण जे पैसे देतो ते सगळेच वजावटीला चालतात असे नाही, आणि नाकारले जाणारे बहुतेक दावे या दोन आकड्यांच्या मधल्या फरकातूनच निर्माण होतात. पुराव्याच्या रकान्यात ‘पावती आहे’ एवढेच न लिहिता पावतीची तारीख आणि पॉलिसी, खाते किंवा कर्जाचा क्रमांक लिहावा. कर आकारणी वर्ष २०२५-२६ पासून विवरणपत्र भरतानाही हे क्रमांक विचारले जातात, तेव्हा ही मेहनत वाया जात नाही.

रक्कम लिहिताना नुसता आकडा लिहावा. ‘24,000/-’ असे लिहिलेला कप्पा शीटच्या लेखी मजकूर ठरतो, बेरजेचे सूत्र तो मुकाट्याने वगळते, एकूण कमी येते आणि शिल्लक जागा असते त्याहून जास्त दिसते. कप्प्यातील आकडा डावीकडे सरकलेला दिसला की तो मजकूर म्हणून नोंदला गेला आहे असे समजावे.

ओळींचा क्रमही महत्त्वाचा आहे. ज्या रकमा आपण ठरवल्या किंवा न ठरवल्या तरी जाणारच आहेत, त्या आधी लिहाव्यात: पगारातून कापला जाणारा निर्वाह निधी, गृहकर्जाचे मुद्दल, मुलांचे शिक्षण शुल्क, जुन्या विमा पॉलिसीचा हप्ता. पीपीएफ, करबचत म्युच्युअल फंड, मुदत ठेव अशा ऐच्छिक गुंतवणुकी त्यांच्यानंतर, जागा उरली तरच. वरच्या उदाहरणातील यादीत नेमका हाच क्रम नव्हता. जी रक्कम पगारपावतीवर समोर दिसते तेवढीच लिहून उरलेल्या तीन बाबी विसरल्या गेल्या.

८०सी चा गट भरताना

कलम ८०सी, पेन्शन योजनांसाठीचे ८०सीसीसी आणि राष्ट्रीय पेन्शन योजनेसाठीचे, म्हणजे एनपीएससाठीचे, ८०सीसीडी(१) या तिन्हींची मिळून वर्षाला १,५०,००० रुपयांची एकच मर्यादा आहे. या गटातील प्रत्येक ओळ एकेक करून पाहू.

पहिली ओळ निर्वाह निधीची. मूळ वेतन ६०,००० असल्याने १२ टक्क्यांप्रमाणे दरमहा ७,२०० आणि वर्षाला ८६,४०० रुपये कापले जातात. पगारपावतीवर पुष्कळदा कर्मचाऱ्याचा आणि मालकाचा असे दोन्ही हिस्से छापलेले असतात. ८०सी मध्ये केवळ कर्मचाऱ्याचा हिस्सा धरायचा. स्वतःहून वाढवलेली ऐच्छिक कपात असेल तर ती याच ओळीत मिळवावी. या ओळीसाठी वेगळा पुरावा सहसा मागितला जात नाही, कारण ती रक्कम लेखा विभागाकडेच असते, आणि म्हणूनच ती यादीत लिहायची राहून जाते किंवा कार्यालयाच्या पोर्टलवर पुन्हा भरली जाऊन दोनदा मोजली जाते. पोर्टलवर ती आधीच दिसत असेल तर आपण पुन्हा भरू नये. आपल्या तक्त्यात मात्र ती असलीच पाहिजे.

दुसरी ओळ आयुर्विम्याची. तिची पॉलिसी २०१९ साली घेतलेली, विमा रक्कम २,००,००० आणि वार्षिक हप्ता २४,००० रुपये आहे. १ एप्रिल २०१२ रोजी किंवा त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीसाठी विमा रकमेच्या १० टक्क्यांपर्यंतचाच हप्ता पात्र धरला जातो (त्याआधीच्या पॉलिसींना २० टक्के), त्यामुळे येथे भरलेली रक्कम २४,००० असली तरी पात्र रक्कम २०,००० रुपयेच होते. हप्त्याच्या पावतीवर विमा रक्कम नसेल तर पॉलिसीच्या पहिल्या पानाची प्रतही जोडावी. स्वतः, जोडीदार आणि मुले यांच्या आयुष्यावरील विमाच येथे चालतो. आई-वडिलांच्या आयुर्विम्याचा हप्ता आपण भरत असलो तरी तो ८०सी मध्ये बसत नाही, हे आरोग्य विम्याच्या नियमाच्या नेमके उलट असल्याने गोंधळ होतो.

तिसरी ओळ शिक्षण शुल्काची. शाळेने वर्षभरात ४८,००० रुपये घेतले, परंतु पावती उलगडून पाहिली तर त्यात शिक्षण शुल्क ३०,००० असून बाकीची रक्कम विकास निधी, बस आणि उपक्रम यांची आहे. पात्र केवळ ३०,००० रुपये. शाळेने एकच ठोक आकडा लिहिलेली पावती दिली असेल तर जानेवारीची वाट न पाहता शाळेकडून शिक्षण शुल्काचे स्वतंत्र प्रमाणपत्र मागून घ्यावे; अशा पावतीवर लेखा विभाग बहुधा संपूर्ण दावाच परत पाठवतो. ही वजावट दोन मुलांपर्यंत आणि भारतातील पूर्णवेळ शिक्षणासाठी मिळते. खासगी शिकवणीची फी येथे चालत नाही.

चौथी ओळ गृहकर्जाच्या मुद्दलाची. मासिक हप्त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही असतात आणि ती दोन वेगवेगळ्या कलमांत जातात, म्हणून हप्त्याचा आकडा तक्त्यात कुठेही लिहू नये. बँकेच्या संकेतस्थळावरून वर्षाचे तात्पुरते प्रमाणपत्र उतरवून घ्यावे. त्यात ३१ मार्चपर्यंतचे अंदाजी व्याज आणि मुद्दल वेगळे दाखवलेले असते. उदाहरणात मुद्दल ३९,८०० आणि व्याज १,६८,५०० रुपये आहे. कर्ज आणि घर दोघांच्या नावावर असते तर दोन्ही आकडे ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे विभागून लिहावे लागले असते, आणि दोघांनीही पूर्ण रकमेचा दावा करणे ही चूक ठरली असती.

या चार ओळी शीटमध्ये दुसऱ्या ते पाचव्या क्रमांकावर आणि पात्र रक्कम D रकान्यात आहे असे धरले, तर त्यांच्याखाली गटाचा हिशेब असा बसतो:

```
D3   =MIN(C3, 0.1*200000)
D6   =SUM(D2:D5)
D7   150000
D8   =MIN(D6, D7)
D9   =MAX(0, D7-D6)
D10  =MAX(0, D6-D7)
```

D3 मध्ये विम्याची १० टक्क्यांची अट आहे, D8 म्हणजे दावा करायची रक्कम, D9 म्हणजे शिल्लक जागा. D10 मधील ‘मर्यादेबाहेर गेलेली रक्कम’ ही ओळ अनेकजण करत नाहीत, परंतु माझ्या मते तक्त्यातील सर्वांत उपयोगी आकडा तोच आहे. शिल्लक जागा शून्य दिसली तरी आपण मर्यादेला नुकतेच टेकलो आहोत की कितीतरी पुढे गेलो आहोत, हे शून्य सांगत नाही. उदाहरणात बेरीज ८६,४०० अधिक २०,००० अधिक ३०,००० अधिक ३९,८०० म्हणजे १,७६,२०० रुपये येते. दावा १,५०,००० चा, शिल्लक शून्य आणि मर्यादेबाहेर २६,२०० रुपये.

म्हणजे ५०,००० रुपयांची ती मुदत ठेव केली असती तर पैसे पाच वर्षे अडकले असते आणि करात एक रुपयाचाही फरक पडला नसता. आणखी एक गोष्ट या २६,२०० वरून कळते: पुढील वर्षी शाळेची फी कमी झाली किंवा एखादी पावती हरवली, तरी २६,२०० रुपयांपर्यंतची तूट दाव्याला धक्का लावत नाही, म्हणून शिक्षण शुल्काची वादग्रस्त पावती जमा करण्याचा अट्टहास न केला तरी फारसे बिघडणार नाही. ती ३०,००० ची ओळ पूर्णपणे काढून टाकली तरी दावा १,४६,२०० वर येतो आणि फरक केवळ ३,८०० रुपयांचा पडतो.

आरोग्य विमा: एका कलमात दोन वेगळे कप्पे

कलम ८०डी मध्ये स्वतः, जोडीदार आणि मुले यांच्यासाठी २५,००० रुपयांची, तर आई-वडिलांसाठी वेगळी २५,००० रुपयांची मर्यादा आहे. त्या-त्या कप्प्यात ज्यांचा विमा आहे त्यांच्यापैकी कोणी ज्येष्ठ नागरिक असेल तर ती ५०,००० होते. एका कप्प्यातील शिल्लक जागा दुसऱ्या कप्प्याला वापरता येत नाही, म्हणून तक्त्यात ८०डी ची एक ओळ न करता दोन स्वतंत्र गट करावेत.

या वर्षी येथे एक खास सापळा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा यांच्या हप्त्यांवरील वस्तू व सेवा कर रद्द झाला. उदाहरणातील स्त्रीने गेल्या वर्षीच्या तक्त्यातून २१,९४८ हा आकडा उचलला होता, त्यात १८ टक्के कर मिळवलेला होता. या वर्षी तिची पॉलिसी नोव्हेंबरमध्ये नूतनीकृत झाली आणि पावतीवर १८,६०० रुपयेच आहेत. गेल्या वर्षीचा आकडा नकलून दिलेला दावा पावतीशी जुळत नाही आणि परत येतो. हप्ता दोन किंवा तीन वर्षांचा एकदम भरला असेल तर तो तितक्या वर्षांत समान विभागून एका वर्षाचाच भाग लिहावा.

स्वतःच्या कप्प्यात १८,६०० च्या सोबत प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीचे ३,५०० रुपये धरता येतात. ही तपासणी ५,००० रुपयांपर्यंत चालते, पण ते पाच हजार मर्यादेच्या वर मिळत नसून मर्यादेच्या आतच मोजले जातात आणि संपूर्ण कुटुंब, आई-वडीलही, मिळून एकदाच मिळतात. तपासणीचे पैसे रोख दिलेले चालतात. विम्याचा हप्ता मात्र रोखीने भरलेला असेल तर वजावट मिळत नाही. या कप्प्याची बेरीज २२,१०० आणि शिल्लक जागा २,९०० रुपये.

आई-वडिलांच्या कप्प्यात वडिलांच्या पॉलिसीचा ३८,००० रुपयांचा हप्ता आहे. आईचा विमा नाही. ज्येष्ठ नागरिकाच्या नावावर आरोग्य विमा नसेल तर त्याच्या औषधोपचाराचा खर्चही याच मर्यादेत धरता येतो, मात्र तो रोखीने केलेला नसावा. आईच्या औषधांची ९,२०० रुपयांची, ऑनलाइन पैसे दिलेली बिले तिच्याकडे आहेत. बेरीज ४७,२००, शिल्लक २,८०० रुपये. काही कार्यालये औषधांची बिले तपासण्याची जबाबदारी घेत नाहीत आणि ही ओळ नाकारतात. त्यामुळे वजावटीचा हक्क जात नाही, ती विवरणपत्रात थेट मागता येते. हप्ता आई-वडिलांच्या खात्यातून गेला असेल तर तो आपण भरला असे म्हणता येत नाही, म्हणून पावतीसोबत आपल्या खात्याच्या उताऱ्यातील ती नोंद जपून ठेवावी.

एनपीएस आणि गृहकर्जाचे व्याज

कलम ८०सीसीडी(१बी) नुसार एनपीएसच्या टियर १ खात्यात स्वतः भरलेल्या रकमेवर ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट ८०सी च्या दीड लाखाच्या व्यतिरिक्त मिळते. ८०सी चा गट आधीच भरलेला असल्याने तिने भरलेले ३०,००० रुपये सरळ या गटात लिहावेत. ते चुकून ८०सी च्या गटात गेले तर मर्यादेबाहेरच्या रकमेत मिसळून वाया जातील. मालक आपल्या वतीने एनपीएसमध्ये काही भरत असेल तर त्याचे कलम निराळे आहे आणि ती रक्कम या ओळीत येत नाही. येथे शिल्लक जागा २०,००० रुपये आहे, आणि संपूर्ण तक्त्यात ठरवून भरता येईल अशी मोठी जागा हीच एक आहे.

व्याजाच्या गटात कलम २४(बी) खाली स्वतःच्या वापरातील घरासाठी २,००,००० ची मर्यादा आहे, दावा १,६८,५०० चा आणि शिल्लक ३१,५०० रुपये. नोकरीमुळे दुसऱ्या गावी राहावे लागत असल्याने रिकामे असलेले घरही या नियमात बसते. परंतु हे ३१,५०० भरण्यासारखे नाहीत, कारण व्याज जेवढे आकारले जाईल तेवढेच मिळणार. आणि कर्जात जादा रक्कम भरली तर ती मुद्दलात जाते, व्याजात नव्हे. म्हणून शिल्लक जागेचा रकाना वाचताना ती जागा पैसे घालून भरता येते की केवळ खर्च झाला तरच भरते, हे समोर एका शब्दात लिहून ठेवावे. असे केले की पूर्ण तक्ता असा दिसतो:

| गट | मर्यादा | पात्र रक्कम | दावा | शिल्लक जागा | जागा भरता येईल का |
|---|---|---|---|---|---|
| ८०सी | १,५०,००० | १,७६,२०० | १,५०,००० | ० | नाही, २६,२०० मर्यादेबाहेर |
| ८०सीसीडी(१बी) | ५०,००० | ३०,००० | ३०,००० | २०,००० | होय, ३१ मार्चपूर्वी |
| ८०डी, स्वतः | २५,००० | २२,१०० | २२,१०० | २,९०० | खर्च झाला तरच |
| ८०डी, आई-वडील | ५०,००० | ४७,२०० | ४७,२०० | २,८०० | खर्च झाला तरच |
| २४(बी) व्याज | २,००,००० | १,६८,५०० | १,६८,५०० | ३१,५०० | नाही |

घरभाडे: तक्त्याबाहेरची, पण निर्णायक ओळ

घरभाडे भत्त्याची सूट ठरीव मर्यादेतून वजाबाकी करून निघत नाही, म्हणून ती वरच्या तक्त्यात घालू नये. तीन रकमांपैकी सर्वांत लहान रक्कम करमुक्त असते: प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, भरलेल्या भाड्यातून पगाराचे १० टक्के वजा जाता उरलेली रक्कम, आणि पगाराचे ४० टक्के (मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथे ५० टक्के). पगार म्हणजे येथे मूळ वेतन आणि महागाई भत्ता. तिचे भाडे दरमहा २२,००० रुपये असल्याने हिशेब असा:

```
=MIN(288000, 264000-0.1*720000, 0.4*720000)
```

उत्तर १,९२,००० रुपये. वर्षाचे भाडे १,००,००० रुपयांपेक्षा अधिक असल्याने घरमालकाचा पॅन कार्यालयाला द्यावा लागतो, आणि हा पॅन मिळवणे हेच प्रत्यक्षात सर्वांत अवघड काम ठरते. तो भाडेकरार करतानाच मागून घ्यावा. भाडे बँकेतून दिलेले असावे, पावत्यांवर घराचा पत्ता आणि महिना स्पष्ट असावा, आणि करारावरील नाव व पावतीवरील नाव एकच असावे.

आता सुरुवातीला राहिलेला हिशेब पुरा करता येतो. १६,००,००० मधून घरभाड्याचे १,९२,०००, प्रमाणित वजावटीचे ५०,०००, व्यवसाय कराचे २,५००, व्याजाचे १,६८,५०० आणि तक्त्यातील १,५०,०००, ३०,००० व ६९,३०० वजा केले की करपात्र उत्पन्न ९,३७,७०० रुपये उरते. जुन्या व्यवस्थेच्या दरांनी यावर ४ टक्के उपकरासह सुमारे १,०४,०४० रुपये कर होतो. नव्या व्यवस्थेत केवळ ७५,००० वजा जाऊन १५,२५,००० वर १,१३,१०० रुपये. म्हणजे जुनी व्यवस्था सुमारे ९,००० रुपयांनी स्वस्त आहे, एवढीच. घरमालकाने पॅन दिला नाही आणि कार्यालयाने घरभाड्याची सूट नाकारली, तर जुन्या व्यवस्थेतील कर सुमारे १,५७,५०० वर जातो. तेव्हा तिची निवड खरे तर ८०सी वर नव्हे, भाड्याच्या कागदांवर उभी आहे.

एनपीएसमधील २०,००० रुपयांची जागा भरली तर २० टक्के दराने उपकरासह ४,१६० रुपये कर वाचेल. पैसे मात्र निवृत्तीपर्यंत जवळजवळ अडकून राहतात, तेव्हा केवळ ४,१६० साठी ते टाकावेत असे मी म्हणणार नाही; निवृत्तीसाठी तसेही बाजूला ठेवायचे असतील तर मार्चच्या अखेरच्या दिवसांची वाट न पाहता भरावेत, कारण रक्कम जमा झाल्याची नोंद कोणत्या तारखेची आहे यावर वर्ष ठरते.

जमा करणे आणि एप्रिलमध्ये पुन्हा उघडणे

कार्यालयाला द्यायचा अर्ज फॉर्म १२बीबी हा आहे. त्यात घरभाडे, प्रवास सवलत, कर्जाचे व्याज आणि बाकीच्या वजावटी असे चार भाग असतात. घरमालकाचे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव, पत्ता व पॅन लागतो. तक्त्यातील ‘दावा’ हा रकाना समोर ठेवून तो भरावा, ‘भरलेली रक्कम’ नव्हे. जी रक्कम अजून भरायची आहे, उदाहरणार्थ मार्चचा विम्याचा हप्ता, ती लेखा विभाग पुराव्याअभावी बहुधा धरत नाही. तिच्यावर जादा कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळतो, म्हणून ती ओळ तक्त्यातून खोडू नये, केवळ ‘कार्यालयाने धरली नाही’ अशी खूण करावी. कार्यालयाने वर्षभर नव्या व्यवस्थेने कर कापला असेल तरी, व्यवसायाचे उत्पन्न नसणाऱ्या नोकरदाराला विवरणपत्रात जुनी व्यवस्था निवडता येते, पण ते विवरणपत्र मुदतीत, म्हणजे सर्वसाधारणपणे ३१ जुलैपर्यंत भरलेले असले पाहिजे.

एप्रिलमध्ये बँकेकडून गृहकर्जाचे अंतिम प्रमाणपत्र घेऊन तात्पुरते आकडे बदलावेत. वर्षाच्या मध्यात व्याजदर बदलला असेल तर मुद्दल आणि व्याज दोन्ही थोडे हललेले असतात. त्यानंतर कार्यालयाकडून करकपातीचे वार्षिक प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६, हाती येताच त्याच्या भाग ‘ब’ मधील प्रत्येक वजावट तक्त्यातील दाव्याशी ओळीओळीने ताडून पाहावी. फॉर्म १६ मधील आकडा कमी असेल तर ती ओळ कार्यालयाने नाकारलेली आहे आणि पुरावा हाती असल्यास विवरणपत्रात पूर्ण रक्कम लिहावी. तो जास्त असेल तर बहुधा निर्वाह निधी दोनदा मोजला गेला आहे किंवा मर्यादा लागलेली नाही, आणि अशा वेळी विवरणपत्रात तक्त्यातील कमी असलेला आकडाच लिहून फरकाचा कर व्याजासह भरावा.